नॉमिनीचा रकाना मराठीत नीट लिहा : कोल्हापूर जिल्ह्यातील बँकांना खुले पत्र

प्रति,
जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक
आणि कोल्हापूर जिल्ह्यातील सर्व बँकांचे शाखा व्यवस्थापक

स. न. वि. वि.

मी इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करते. लक्ष्मीपुरीत माझी छोटी जागा आहे. दस्त, करारनामे, न्यायालयाचे कागद यांच्या जोडीला बँकेत खातं उघडण्याचे आणि केवायसीचे फॉर्मही माझ्याकडे येतात. फॉर्म आणणारा माणूस बहुतेक वेळा एवढंच म्हणतो, "सही करायच्या आधी कशावर करतोय ते मराठीत लिहून द्या." ही मागणी अगदी रास्त आहे आणि ती तुमच्या काउंटरवरच पुरी व्हायला हवी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

खातं उघडण्याचा फॉर्म, पैसे भरण्याची स्लिप, पासबुक असं ग्राहकाच्या हातात जाणारं छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषा अशा तिन्ही भाषांत असावं, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. आपल्याकडच्या पुष्कळ फॉर्मवर नाव, पत्ता, जन्मतारीख, व्यवसाय हे रकाने मराठीत दिसतातही. पण मागच्या पानावर बारीक टायपात छापलेली निवेदनं आणि संमतीची वाक्यं इंग्रजीतच राहतात. नॉमिनीच्या भागात मथळा मराठीत आणि मजकूर इंग्रजीत, असा प्रकार मी अनेकदा पाहते. मथळा तोकडा किंवा चुकीचा असला की भरणारा त्या मथळ्यावरच विसंबतो. त्यातून काय होतं, हे मी एकाच उदाहरणावरून तपशिलात मांडते.

भुदरगड तालुक्यातल्या एका आक्का फॉर्म घेऊन आल्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास, लिहिता-वाचता येत नाही, मालक वारलेले. दोन मुलगे आणि एक लेक. लेकीचा अकरा वर्षांचा मुलगा शाळेसाठी त्यांच्याजवळ राहतो. दुधाचं बिल जमा व्हायला आणि थोडी रक्कम मुदत ठेवीत ठेवायला त्यांना नवीन खातं उघडायचं होतं. नॉमिनी म्हणून नातवाचं नाव घालायचं ठरलं होतं. गावातल्या एका एजंटानं फॉर्म भरून दिला होता, अंगठा फक्त उमटवायचा राहिला होता.

नॉमिनीच्या रकान्यात नातवाचं नाव बरोबर होतं. त्याखाली मराठीत छापलेला मथळा होता, "नॉमिनी अज्ञान असल्यास पालकाचे नाव". एजंटानं तिथं मुलाच्या वडिलांचं, म्हणजे आक्कांच्या जावयाचं नाव लिहिलं होतं. मथळा तसाच असल्यावर दुसरं कोणाचं लिहिणार? मी ते नाव वाचून दाखवलं तेव्हा आक्का एकदम सरळ होऊन बसल्या. म्हणाल्या, "त्याचं नाव कुणी घातलं? त्येच्या हातात पैका टिकत न्हाई म्हणून तर पोरगं मी माझ्याजवळ ठिवलंय."

मथळ्याखालचं इंग्रजी वाक्य पालकाबद्दल बोलतच नव्हतं. त्याचा अर्थ असा आहे : नॉमिनी आजच्या तारखेला अज्ञान असल्यामुळे, तो सज्ञान होण्याआधी माझा मृत्यू झाला तर त्याच्या वतीने ठेवीची रक्कम स्वीकारण्यासाठी मी अमुक व्यक्तीची नेमणूक करते. नेमणूक करणारी आक्का आहे. नेमायचा माणूस सज्ञान आणि तिच्या विश्वासातला हवा. तो मुलाचा बाप असलाच पाहिजे, असं त्या वाक्यात कुठंही नाही. नातू अठरा वर्षांचा व्हायला अजून सात वर्षं आहेत. त्या सात वर्षांत आक्कांचं काही बरंवाईट झालं, तर बँक या रकान्यातल्या माणसाच्या हाती रक्कम देणार. पुढं नातू सज्ञान झाला की हा रकाना निरर्थक होतो आणि रक्कम थेट त्यालाच मिळते. इतकं समजल्यावर आक्कांनी लेकीचं नाव सांगितलं. फॉर्म अजून दिला नव्हता, त्यामुळे नवीन कोरा फॉर्म भरून काम झालं. फॉर्म दिला गेला असता तरी नॉमिनेशन बदलण्याचा वेगळा अर्ज देऊन दुरुस्ती करता आली असती. पण आत कोणाचं नाव पडलंय हेच ठाऊक नसेल, तर दुरुस्ती करायला जाणार कोण?

माझी पहिली विनंती या एका मथळ्याबद्दल आहे. तिथं "पालकाचे नाव" छापू नका. "नॉमिनी १८ वर्षांखालील असल्यास, त्याच्या वतीने रक्कम स्वीकारण्यासाठी खातेदाराने नेमलेली व्यक्ती" असं छापा. मथळा लांबतो, एक ओळ जास्त जाते, जाऊ द्या. "अज्ञान" हा शब्द कायद्याच्या मराठीत बरोबर आहे, पण गावाकडच्या माणसाला तो वयाशी जोडता येत नाही. म्हणून वयाचा आकडाच लिहिलेला बरा. शेजारी नॉमिनीची जन्मतारीख लिहायला जागा ठेवा आणि ती कोरी असेल तर फॉर्म घेऊ नका. जन्मतारीख नसली की नॉमिनी सज्ञान झाला की नाही, हे दाव्याच्या वेळी पुन्हा कागद गोळा करून ठरवावं लागतं.

आक्कांचा पुढचा प्रश्न याहून मोठा होता. "मग माझ्यामागं ह्यो पैसा पोराचाच की?"

इथं भाषांतर करणाऱ्यानं फार जपून राहायला हवं. नामनिर्देशनाच्या मूळ वाक्यात खातेदार एवढंच म्हणतो की, माझ्या मृत्यूनंतर या खात्यातली ठेवीची रक्कम अमुक व्यक्तीला परत करण्यात यावी. रक्कम त्या व्यक्तीच्या मालकीची होईल, असं ते वाक्य म्हणत नाही. १९८४ मध्ये विम्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नॉमिनी आणि वारस यांतला हा फरक स्पष्ट केला. २०१० मध्ये बँकेच्या ठेवींबाबत, बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५झेडएचा अर्थ लावताना, तेच पुन्हा सांगितलं. नॉमिनीला बँकेकडून रक्कम घेण्याचा अधिकार मिळतो. ती कोणाची, हे वारसा कायद्यानं किंवा मृत्युपत्रानं ठरतं. बँकेचं काम नॉमिनीला रक्कम दिली की संपतं. त्यानंतर वारस नॉमिनीकडे आपला वाटा मागू शकतात.

आक्कांच्या घरापुरतं बोलायचं तर मृत्युपत्र नसेल तेव्हा त्यांचे वारस दोन मुलगे आणि लेक, तिघांना सारखा वाटा. लेक हयात असताना नातू वारसच नाही. म्हणजे नॉमिनी नातू, त्याच्या वतीनं पैसे घेणार लेक, आणि उद्या दोन्ही मामांनी आपापला तिसरा हिस्सा मागितला तर कायदा त्यांच्या बाजूनं. आक्कांना पैसा खरोखर नातवालाच द्यायचा असेल तर त्यांनी मृत्युपत्र करायला हवं. त्यावर त्यांचा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही. ते काम बँकेच्या फॉर्मनं होत नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

पुष्कळ मराठी फॉर्मवर नॉमिनीच्या रकान्याला "वारसदाराचे नाव" असा मथळा असतो. काउंटरवरही "वारस कोण लावायचा?" असं विचारतात. लोकांच्या तोंडी ते बसलंय हे मला मान्य आहे, पण छापील फॉर्मवर ते चुकीचं आहे. त्यामुळं ग्राहकाला वाटतं की आपण वाटणी करून मोकळे झालो, आणि तो मृत्युपत्राचा विचारच सोडून देतो. "नॉमिनी" हा शब्द आता सगळ्यांना कळतो, तोच ठेवा. "नामनिर्देशित व्यक्ती" कंसात घातलात तरी चालेल. रकान्याबाहेर वेगळ्या चौकटीत एक टीप द्या : "नॉमिनीला बँकेकडून रक्कम स्वीकारण्याचा अधिकार मिळतो. रकमेवरील मालकी हक्क वारसा कायद्यानुसार किंवा मृत्युपत्रानुसार ठरतो." ही टीप चौकटीत का, तर जे मूळ निवेदनात नाही ते भाषांतरात घुसवायला आम्हाला मुभा नाही. ग्राहक ज्याच्याखाली सही करतो तो मजकूर मुळाबरहुकूमच हवा.

१ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. ही सोय चांगली आहे, पण तिच्या मराठी फॉर्मकडे आत्ताच लक्ष दिलं नाही तर नवा गोंधळ होईल. दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत सगळे नॉमिनी एकाच वेळी, प्रत्येकाचा टक्का लिहून, आणि सगळे टक्के मिळून शंभर. दुसऱ्या पद्धतीत क्रमानं : पहिला नॉमिनी हयात असेपर्यंत दुसऱ्याचा संबंध येत नाही, पहिला नसेल तर दुसरा, तोही नसेल तर तिसरा. लॉकरसाठी फक्त क्रमाची पद्धत आहे. आपल्याकडची माणसं तीन मुलांची नावं एकाखाली एक लिहितात आणि तिघांना सारखं मिळेल असं धरून चालतात. क्रमाच्या रकान्यात ती नावं पडली तर सगळी रक्कम पहिल्याच्या हाती जाते. म्हणून मराठी फॉर्मवर दोन पद्धतींचे दोन वेगळे तक्ते हवेत. एकावर "सर्वांना एकाच वेळी, खालील टक्केवारीने" आणि दुसऱ्यावर "एकामागून एक, आधीची व्यक्ती हयात नसेल तरच पुढची" असं ठळक लिहिलेलं असावं. तिघांना सारखं द्यायचं असेल तर ३३, ३३, ३३ लिहून बेरीज ९९ होते, आणि फॉर्म परत येतो. पूर्ण आकड्यांत ३४, ३३, ३३ असं लिहावं लागतं आणि एक टक्का कोणाला जास्त, हे खातेदाराला विचारूनच ठरवावं लागतं.

आक्कांना मी हा पर्यायही समजावून सांगितला. तिन्ही मुलांना टक्केवारीनं नॉमिनी केलं तर रक्कम घेणारे आणि वारस एकच होतात, नंतर भांडायला फारसं काही उरत नाही. त्यांनी विचार केला, लेकीशी फोनवर बोलल्या, आणि नातवाचंच नाव कायम ठेवून मृत्युपत्र करायचं ठरवलं. तो निर्णय त्यांचा. फॉर्मनं एवढंच पाहायचं की निर्णय घेणाऱ्याला आपण काय ठरवतोय ते कळलेलं असावं.

आता अंगठ्याबद्दल. खातेदार सही करत असेल तर नामनिर्देशनावर साक्षीदार लागत नाहीत. अंगठा असेल तर दोन साक्षीदार लागतात. काही शाखांत सही करणाऱ्यालाही साक्षीदार आणायला परत पाठवतात. उलट, अंगठा असताना साक्षीदारांच्या जागा कोऱ्याच ठेवून फॉर्म घेतल्याचंही मी पाहिलं आहे. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण ती वर्षानुवर्षं फाइलमध्ये पडून राहते आणि दावा दाखल होतो तेव्हा उघड होते. त्या वेळी अंगठा देणारी व्यक्ती हयात नसते.

अंगठा देणाऱ्या किंवा इंग्रजी न येणाऱ्या ग्राहकासाठी फॉर्मच्या शेवटी आणखी एक निवेदन असतं. त्यात कोणीतरी लिहून द्यायचं की, या फॉर्ममधला मजकूर मी ग्राहकाला त्याच्या भाषेत वाचून समजावला आहे आणि तो समजल्यावरच त्यानं सही किंवा अंगठा केला आहे. माझं सगळं काम ज्या एका वाक्यावर उभं आहे ते हे वाक्य. तिथं सही कोण करतं? जो जवळ उभा असेल तो. आक्कांच्या फॉर्मवर एजंटानं आधीच सही करून ठेवली होती, आणि त्यानं एक ओळही वाचून दाखवली नव्हती. त्या जागी सही करणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, ग्राहकाशी नातं आणि कोणत्या भाषेत वाचून दाखवलं, हे भरल्याशिवाय फॉर्म स्वीकारू नये. त्या माणसाला स्वतः नॉमिनी किंवा रक्कम स्वीकारणारा म्हणून नेमलेलं असेल तर वाचून दाखवायला दुसरा माणूस घ्यावा. नियमात असं लिहिलंय असा माझा दावा नाही, पण शाखेनं स्वतःहून पाळण्यासारखी ही गोष्ट आहे.

मागच्या पानावरच्या बाकीच्या निवेदनांपैकी दोनच घेते, कारण या दोन्हींचा त्रास लोकांना लगेच होतो.

पहिलं राजकीय व्यक्तीबद्दलचं. इंग्रजी फॉर्मवर विचारतात की ग्राहक किंवा त्याचा नातेवाईक "पॉलिटिकली एक्स्पोज्ड पर्सन" या वर्गात मोडतो का. मराठीत ते "आपण राजकीय व्यक्ती आहात का?" असं उतरतं. कागल तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्यानं प्रामाणिकपणे "होय"वर खूण केली. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशातली व्याख्या परदेशाच्या वतीनं मोठं सार्वजनिक पद सांभाळणाऱ्या व्यक्तींची आहे : परराष्ट्राचे प्रमुख, तिथले मंत्री, वरिष्ठ अधिकारी असे. आपल्या ग्रामपंचायतीचा सदस्य त्यात येत नाही. पण खूण पडली की खातं जास्त जोखमीच्या गटात जाऊ शकतं. कमी जोखमीच्या खात्याची केवायसी दहा वर्षांतून एकदा नव्यानं करायची असते, जास्त जोखमीच्या खात्याची दर दोन वर्षांनी. "परदेशी सरकारात उच्च पद भूषवणारी किंवा भूषवलेली व्यक्ती" एवढं मराठीत लिहिलं असतं तर त्या सदस्यानं "नाही" लिहिलं असतं.

दुसरं आधार जोडणीचं. त्या वाक्यात दोन संमती एकत्र असतात. एक, ओळख पटवण्यासाठी आधार वापरायची. दुसरी, शासनाकडून थेट येणारी रक्कम याच खात्यात घेण्याची. शासनाची आधारवर आधारित रक्कम ज्या बँकेत आधार शेवटचं जोडलं गेलं असेल तिथं जाते. आक्कांचे पीएम किसानचे दोन-दोन हजारांचे हप्ते गावच्या जुन्या खात्यात येतात, तिथून त्या स्वतः चालत जाऊन काढतात. नव्या फॉर्ममधली दुसरी खूण पडली असती तर पुढचा हप्ता नव्या खात्यात गेला असता आणि आक्का जुन्या बँकेत पासबुक भरून घेत बसल्या असत्या. मराठी फॉर्मवर या दोन संमती दोन वेगळ्या ओळींत, दोन वेगळ्या चौकोनांसह द्या. दुसऱ्या ओळीत लिहा : "शासकीय अनुदान सध्या ज्या खात्यात येते तेथून बंद होऊन या खात्यात येईल." हे वाक्य वाचल्यावर बहुतेक ग्राहक थांबून विचारतात. त्यांनी थांबून विचारावं हाच त्या वाक्याचा उपयोग.

पॅन नसलेल्यांच्या फॉर्म ६० बद्दल एकच सांगते. त्यात शेतीचं उत्पन्न आणि इतर उत्पन्न वेगवेगळं लिहायचं असतं. आपल्या जिल्ह्यात घरोघरी दूध आहे आणि लोक दुधाचं बिल सर्रास शेतीच्या रकान्यात घालतात. आयकराच्या दृष्टीनं दुग्धव्यवसायाचं उत्पन्न शेती उत्पन्न धरत नाहीत. मराठी फॉर्मच्या त्या रकान्यात "दुधाचे बिल इतर उत्पन्नात लिहावे" एवढं आलं तर खालच्या सत्यापनावर लोक चुकीची सही करणार नाहीत.

आक्कांचं खातं उघडलं. नामनिर्देशनाची पोच मात्र त्यांना मागून घ्यावी लागली. पोच देणं आणि पासबुकावर नामनिर्देशन नोंदवल्याचा शेरा मारणं हे बँकेचं काम आहे, आणि ग्राहकाची हरकत नसेल तर नॉमिनीचं नावही छापायचं असतं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी हा शेरा फार उपयोगाचा आहे, कारण पासबुक घरातलं कुणीही वाचून दाखवू शकतं. फॉर्म बँकेच्या कपाटात गेला की गेला.

एखाद्याला नॉमिनी लावायचाच नसेल, तर तसं लेखी घ्या. तेही द्यायला तो नाकारत असेल, तर त्याची नोंद तुम्ही ठेवा, पण खातं उघडायला नकार देऊ नका. या निवेदनाचा मराठी नमुना मी एकाही फॉर्मसोबत पाहिलेला नाही. तो दोन ओळींत बसेल.

अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांना विनंती की, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली होणाऱ्या जिल्हा सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय ठेवावा. सगळ्या फॉर्मचं एका दमात भाषांतर करा, असं मी म्हणत नाही. नामनिर्देशनाचं पान, आधार संमतीची दोन वाक्यं, राजकीय व्यक्तीचं निवेदन आणि वाचून दाखवणाऱ्याचं निवेदन एवढ्यानं सुरुवात करा. प्रत्येक बँकेचा इंग्रजी मजकूर थोडाफार वेगळा असतो, म्हणून मसुदा त्या त्या बँकेच्या मूळ मजकुराशी ओळीला ओळ लावून तपासावा लागेल, आणि शेवटचा हात तुमच्या विधी विभागाचा हवा. पण तो छापण्याआधी शाखेत आलेल्या तीन-चार अशा ग्राहकांना वाचून दाखवा, ज्यांना इंग्रजी येत नाही. त्यांना विचारा, "यात तुम्ही काय लिहून दिलंत?" त्यांचं उत्तर मूळ वाक्याशी जुळलं नाही तर मसुदा बदला.

वर उल्लेख केलेल्या पानांचे मी तयार केलेले मराठी मसुदे हवे असतील तर कळवा, मी ते विनामूल्य देईन आणि तुमच्या अधिकाऱ्यांसोबत बसून तपासायलाही येईन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक भाषांतरकार
लक्ष्मीपुरी, कोल्हापूर